४२ स्लाइड्सचं पाऊण तासाचं बोलकं सेशन कसं करायचं: लहान मुलांच्या जुलाबाचा विषय घेऊन

प्रश्न: आमच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या ट्रेनिंगच्या ४२ स्लाइड्स आहेत, विषय लहान मुलांचे जुलाब. आता हाच विषय महिला गटांच्या मीटिंगमध्ये घ्यायचाय. प्रोजेक्टर नाही, बऱ्याच जणींना वाचता येत नाही, वेळ पाऊण तास. स्लाइड्स सोप्या मराठीत लिहून काढून वाचून दाखवल्या तर चालेल का? नाहीतर सेशन प्लॅन कसा लिहायचा?

उत्तर:

वाचून दाखवून नाही चालणार, भाषा कितीही सोपी केली तरी. त्या स्लाइड्स स्वयंसेविकेच्या कामासाठी बनवल्यात. ती कुणाच्या तरी घरी जाणार, पोराला बघणार, अंगातलं पाणी किती कमी झालंय ते ठरवणार, घरी भागेल की दवाखान्यात पाठवायचं ते सांगणार. म्हणून स्लाइड्सचा क्रमही तसा असतो, आधी व्याख्या, मग कारणं, मग जुलाबाचे प्रकार, मग लक्षणांचा तक्ता, मग प्लॅन ए, बी, सी, आणि सगळ्यात शेवटी कुठेतरी ओआरएस कसं बनवायचं. गटातल्या बाईसमोर प्रसंग वेगळाच असतो. पोराला रात्री तीन-चार वेळा पाण्यासारखी शी झालीय, घरात मोठी माणसं आपापलं मत देतायत, आणि आत्ता हातात काय घ्यायचं ते तिला ठरवायचंय. तिच्यासाठीचा प्लॅन त्या रात्रीच्या क्रमाने लिहायचा, स्लाइडच्या क्रमाने नाही.

मी सुरुवात अशी करते. स्लाइड्सचे प्रिंट काढून जमिनीवर मांडते आणि एकेक स्लाइड उचलून एकच प्रश्न विचारते, हे ऐकून बाई घरी गेल्यावर हाताने वेगळं काय करेल? उत्तर सापडलं तर ती स्लाइड सेशनमध्ये येते, नाही सापडलं तर बाजूला. बाजूला ठेवलेल्या फेकायच्या मात्र नाहीत, कारण कुणी प्रश्न विचारला की उत्तर त्यातूनच द्यायचं असतं, तेवढं तुमच्या डोक्यात असायला हवं. जंतूंची नावं, जगभरात किती मुलं दगावतात त्याचे आकडे, ओआरएसमध्ये कोणता क्षार किती ग्रॅम, हे सगळं बाजूला जातं. ४२ मधून तुमच्याकडे फार तर सहा-सात उरतील आणि तेवढ्याच हव्यात. हात धुणं, संडास, रोटाव्हायरसची लस, हे महत्त्वाचंच आहे पण त्यासाठी वेगळी मीटिंग ठेवा. एकाच बैठकीत टाळायचं कसं आणि झाल्यावर करायचं काय हे दोन्ही घातलं की बायकांच्या लक्षात 'स्वच्छता ठेवा' एवढंच राहतं, कारण ते त्यांनी आधीपासून ऐकलेलं असतं, आणि ओआरएसचं माप निसटून जातं.

एका स्लाइडवर बऱ्याच जणी अडतात, ती म्हणजे पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती किती हळू मागे जाते ते बघायचं. दाखवायला सोपं आहे, बायकांना आवडतंही, म्हणून ते सेशनमध्ये घ्यायचा मोह होतो. माझं स्पष्ट मत, घेऊ नका. कुपोषित बारीक पोराची कातडी पाणी कमी झालेलं नसतानाही हळू मागे जाते, आणि अंगाने भरलेल्या पोराची कातडी पाणी कमी झालेलं असतानाही पटकन जागेवर येते. स्वयंसेविकेला बाकीची लक्षणं जोडून बघायला शिकवलेलं असतं, आईला ते एकटंच लक्षात राहतं. मग ती चिमटा काढत बसते आणि 'अजून कातडी नीट आहे' म्हणून थांबते. आईने थांबायचंच नाहीये, पहिल्या-दुसऱ्या पातळ शीलाच पाजायला सुरुवात करायची आहे, त्यासाठी कातडी बघायची गरजच नाही.

उरलेल्या स्लाइड्समधून चार कामं निघतात. ओआरएस बरोब्बर मापाने बनवणं, ते थोडंथोडं पाजत राहणं आणि अंगावरचं दूध-जेवण चालू ठेवणं, झिंकच्या गोळ्या ठरलेले सगळे दिवस देणं, आणि कधी घरात थांबायचं नाही ते ओळखणं. पाऊण तासात एवढंच बसतं, आणि त्यातलं पहिलं काम नुसतं बोलून शिकवता येत नाही, करूनच घ्यावं लागतं, त्यामुळे निम्मा वेळ बायकांच्या हातात गेला पाहिजे हे धरूनच कागद लिहायचा. मी कागदाच्या मधोमध उभी रेघ मारते, डावीकडे 'मी काय बोलणार', उजवीकडे 'बायका काय करणार'. डावी बाजू भरत गेली आणि उजवी कोरी राहिली तर समजायचं की आपण परत स्लाइडच लिहितोय.

डावीकडची वाक्यं तोंडाने बोलतो तशीच लिहा, मुद्दे म्हणून लिहू नका. 'द्रवपदार्थांचे प्रमाण वाढवणे' असं कागदावर असेल तर ऐनवेळी तोंडातून तेच निघतं. त्याऐवजी 'एरवी पिते त्यापेक्षा जास्त पाजा, दर वेळी शी झाली की पाजा' असं लिहायचं. लिहून झालं की मोठ्याने म्हणून बघा, जिथे श्वास अडतो किंवा आपलीच जीभ अडखळते ते वाक्य तोडायचं. आणि जुलाबाला तुमच्या गटात जो शब्द चालतो तोच वापरा, 'अतिसार' म्हटलं की हा काहीतरी वेगळा, मोठा आजार आहे असं वाटतं आणि 'आमच्या पोराला तसं काही नाही' म्हणून बायका सोडून देतात.

आता सेशन प्रत्यक्ष कसं चालतं ते सांगते.

पहिली पाच-सात मिनिटं तुम्ही शिकवायचं नाही, विचारायचं. 'तुमच्या घरात मागच्या वेळी पोराला जुलाब झाले तेव्हा पहिल्या दिवशी काय काय दिलं, आणि काय बंद केलं?' या दोन अर्ध्यांपैकी दुसरा जास्त कामाचा आहे. बहुतेक गटांत कुणीतरी सांगतंच की पाणी कमी केलं, दूध बंद केलं, पोटाला आराम दिला, कारण दिलं की लगेच शी होते. तिथल्या तिथे चूक काढू नका. चूक काढली की बाकीच्या गप्प होतात आणि पुढचा सगळा वेळ आपल्याला आवडेल तेच बोलतात. फक्त म्हणा, 'बरं, दिलं की लगेच बाहेर येतं असं दिसतं खरं, हे आपण आत्ता बघू.'

इथे बाटली काढायची. हा भाग तुमच्या स्लाइड्समध्ये बहुधा नसेल, पण माझ्या मते सगळं सेशन यावर उभं आहे. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळाशी एक बारीक भोक पाडून आणा, भोक बोटाने दाबून पाणी भरा, खाली भांडं ठेवा आणि बोट काढा. पाणी जायला लागतं, पातळी खाली येते. एका बाईला विचारा, आता वरून पाणी घालणं बंद केलं तर काय होईल? बाटली रिकामी होईल. मग तिलाच वाटीने वरून पाणी घालायला सांगा, जेवढं जातंय तेवढं. पातळी टिकते. आणि आता तो प्रश्न, जो विसरायचा नाही: 'भोक बुजलं का?' नाही बुजलं. पाणी अजून जातंयच.

याच ठिकाणी सावकाश सांगायचं की ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. जुलाब बहुतेक वेळा काही दिवसांनी आपोआप कमी होतात, पण तोवर अंगातलं जे पाणी आणि मीठ बाहेर जातंय ते ओआरएस भरून काढतं, आणि पोर त्या पाण्याअभावी जातं, शीमुळे नाही. स्लाइडवर 'ओआरएस डिहायड्रेशन रोखते' एवढं एक वाक्य असतं आणि ट्रेनिंगमध्ये ते पुरतं. गटात ते पुरत नाही. औषध म्हटलं की त्याने आजार थांबावा ही अपेक्षा साहजिक आहे, तीन कप पाजूनही शी चालूच राहिली की आई म्हणते याचा उपयोग नाही, आणि पाकीट कपाटात जातं. ओआरएस माहीत असलेल्या घरातही ते अर्ध्यात सोडलं जाण्याचं हे एक मोठं कारण असतं. म्हणून आधीच सांगून ठेवा, शी चालू राहील, तरी पाजायचं.

कुणी विचारलंच की नुसतं पाणी का नको, साखर-मीठच का, तर बाजूला ठेवलेल्या स्लाइडमधलं कारण एका वाक्यात द्या: जुलाबात आतडं नुसतं पाणी नीट ओढून घेऊ शकत नाही, पण मीठ आणि थोडी साखर ठरावीक प्रमाणात सोबत असली की ती दोन्ही आत जाताना पाणीही आत ओढून नेतात. प्रमाण महत्त्वाचं का ते यातूनच कळतं. साखर जास्त झाली तर उलट पाणी आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात, म्हणून गोड शीतपेयं, पाकिटातले ज्यूस किंवा नुसती ग्लुकोज पावडर ही ओआरएसच्या जागी चालत नाहीत. मीठ जास्त झालं तर तेही पोराला धोक्याचं.

मग येतं बनवणं, याला पूर्ण पंधरा मिनिटं ठेवा. स्लाइडवर असतं 'एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा'. आपल्याला हे वाक्य साधं वाटतं, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे लिटर. घरातल्या भांड्यावर लिटर लिहिलेलं नसतं. म्हणून मीटिंगचा निरोप देतानाच दोघी-तिघींना सांगा की घरात पाणी ठेवता ते एखादं भांडं घेऊन या, आणि तुम्ही एक लिटरची मोजलेली बाटली न्या. बाटलीतलं पाणी तिच्या भांड्यात ओतायचं आणि पाणी जिथवर आलं तिथे तिलाच खूण करायला सांगायची, नखाने, खडूने, कशानेही. ही खूण घेऊन ती घरी गेली की तुमचं सेशन तिच्या घरात पोचलं. बाकीच्याही आपलं कुठलं भांडं एवढं आहे ते बोलायला लागतात, बोलू द्या.

दुसरी अडचण म्हणजे पाकीट वेगवेगळ्या मापाचं येतं. बऱ्याच ठिकाणी एक लिटरचं असतं पण २०० मिलीलिटरचीही पाकिटं मिळतात, दिसायला साधारण सारखीच. लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं की ते फारच खारट आणि घट्ट होतं, आणि हे घडतं कारण आईला वाटतं पोर लहान आहे, एवढं लिटरभर कशाला, थोड्या पाण्यात करू, किंवा अर्धी पुडी टाकू नि अर्धी ठेवू. म्हणून सेशनमध्ये तेच पाकीट न्या जे तुमच्या भागात खरोखर वाटलं जातं, नमुन्याचं दुसरं नको, आणि वाक्य असं म्हणा: 'अख्खी पुडी, खुणेपर्यंत पाणी. अर्धी करायची नाही. पोर लहान असलं तरी बनवायचं पूर्ण, पाजायचं थोडं.' दुकानातून आणलेलं पाकीट वेगळं दिसलं तर त्यावर किती पाणी लिहिलंय ते वाचता येणाऱ्या कुणाकडून आधी वाचून घ्यायचं, हेही सांगा.

बनवायला तुम्ही हात लावू नका. हात धुण्यापासून पाकीट फाडण्यापर्यंत सगळं एका बाईने करायचं आणि बाकीच्यांनी तिला सांगत राहायचं. ती चुकली तर आधी गटाकडे बघा, बहुतेक वेळा कुणीतरी पकडतंच. पाणी पिण्याचं स्वच्छ, उकळून गार केलेलं असेल तर उत्तम. पूड पूर्ण विरघळली की सगळ्यांना एकेक घोट द्यायचा. चव घेणं फार कामाचं आहे, कारण पुढे घरी केलेलं ओआरएस खूप खारट लागलं तर तिला ओळखता येतं की माप चुकलं. वरून साखर, दूध, ज्यूस काही घालायचं नाही, पूड घातल्यावर उकळायचं नाही, झाकून ठेवायचं, आणि २४ तास झाले की उरलेलं ओतून द्यायचं. यातलं २४ तासांचं असं सांगा, 'आज सकाळी बनवलं तर उद्या सकाळी नवीन.'

बऱ्याच स्लाइड्समध्ये घरच्या साखर-मिठाच्या पाण्याचं मापही असतं, एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पाकिटं मिळत असतील तर हे त्याच सेशनमध्ये शिकवू नका असं मी सांगेन. दोन कृती एका दिवशी ऐकल्या की आकड्यांची अदलाबदल होते, आणि सहा चमचे मीठ ही चूक जीवावर बेतते. पाकीट हाताशी नसेल तर ते मिळेपर्यंत पोराला अंगावरचं दूध, साधं पाणी आणि जेवणातले पातळ पदार्थ जास्त देत राहायचं, एवढं सांगितलं की पुरतं. तुमच्याकडे पाकिटं पोचतच नसतील तर मग मात्र फक्त घरचंच शिकवा, पाकिटाचं नाव काढू नका, आणि चमचा सपाट करून दाखवण्यावर तेवढाच वेळ द्या.

पाजण्याच्या स्लाइडवर आकडे असतात, दोन वर्षांच्या आत दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिलीलिटर, दोन ते दहा वर्षांना १०० ते २००. हे मिलीलिटर तोंडातून काढू नका. साधारण २०० मिलीलिटर मावेल असा कप समोर धरा आणि म्हणा, दोन वर्षांच्या आतलं पोर असेल तर दर शीनंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठं असेल तर अर्धा ते एक कप. कप मात्र आधी घरी मोजून न्या, कारण चहाचे बरेच कप त्याच्या निम्मेच असतात. लहानग्याला चमच्याने किंवा कपाने घोटघोट पाजायचं. उलटी झाली तर काय, हे नाही विचारलं तरी तुम्हीच सांगा, कारण बहुतेक आया तिथेच थांबतात: 'दहा मिनिटं थांबा, मग परत सुरू करा, आधीपेक्षा सावकाश, चमचाचमचा.' अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा द्यायचं, आणि फक्त अंगावर पिणारं बाळ असेल तर त्याला दूध आणि ओआरएस एवढंच. जेवणाऱ्या पोराचं जेवण चालू ठेवायचं, थोडंथोडं पण जास्त वेळा. एवढं सांगून लगेच एका बाईच्या हातात चमचा द्या आणि मांडीवरच्या पोराला किंवा नुसतंच खोटं खोटं पाजून दाखवायला सांगा. किती घाईने पाजतात ते तेव्हाच दिसतं.

झिंकला पाच मिनिटं पुरतात. बहुतेक स्लाइड्समध्ये सहा महिन्यांपुढच्या पोराला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याआतल्याला १०, असं १० ते १४ दिवस लिहिलेलं असतं. तुमच्या स्लाइडवर जी मात्रा आणि जितके दिवस आहेत तेच सांगा, '१० ते १४' असं मोघम न सांगता तुमच्या कार्यक्रमाचा जो एक आकडा असेल तो. बाईला मिलिग्रॅम नको, तिला गोळी एक की अर्धी एवढं कळायला हवं. गोळी चमच्यात घेऊन त्यावर थोडं पाणी, ओआरएस किंवा अंगावरचं दूध घातलं की ती विरघळते, हे एक गोळी खर्च करून दाखवाच. इथे नेहमी बिघडतं ते एकच, जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळ्याही थांबतात. म्हणून रिकामी पट्टी हातात धरून म्हणा, 'जुलाब थांबले तरी पट्टी संपेपर्यंत द्यायची, रोज एक वेळ,' आणि कारण सांगा की झिंक हा आजार लवकर आवरायला मदत करतं आणि पुढच्या काही महिन्यांत परत जुलाब होण्याचं प्रमाणही कमी करतं. हे करताना तुमच्याकडे वाटल्या जाणाऱ्या पट्टीत गोळ्या किती आहेत ते आधी मोजून बघा, कारण दिवस आणि गोळ्या जुळत नसतील तर 'पट्टी संपेपर्यंत' हे वाक्यच चुकीचं ठरतं.

धोक्याच्या खुणांच्या स्लाइडवर मोठा तक्ता असतो, सौम्य, मध्यम, तीव्र. तक्ता सोडून द्या. घरात काय दिसतं तेवढंच ठेवा. पोर पीतच नाही किंवा अंगावर ओढत नाही. सुस्त पडलंय, हाक मारली तरी नीट बघत नाही. शीत रक्त दिसतंय. प्यायलेलं सगळं उलटून पडतंय. ताप भरलाय किंवा पोर आधीपेक्षा जास्त आजारी दिसतंय. यातलं एक जरी दिसलं तर रात्र असो की दिवस, निघायचं, आणि वाटेतही पिण्याइतकं शुद्धीवर असेल तर घोटघोट पाजत जायचं. डोळे खोल गेल्यासारखे दिसले, पोर चिडचिडं झालं आणि पाण्यावर तुटून पडतंय असं झालं तरी स्वयंसेविकेला लगेच बोलवायचं. या खुणा सांगताना चेहऱ्याने, अंगाने करून दाखवा. सुस्त पोर आणि झोपलेलं पोर यातला फरक शब्दांत सांगणं अवघड आहे, पण झोपलेल्या पोराला उठवलं की ते रडतं, ओढतं, हे प्रत्येक आईला माहीत असतं, तिथूनच बोला.

प्रश्न येतातच, आणि एक ठरलेला आहे: 'शी थांबायची गोळी देऊ का?' उत्तर ठाम द्या, लहान पोराला आपल्या मनाने नाही. आतड्याची हालचाल थांबवणारी औषधं लहान मुलांना धोक्याची ठरू शकतात. जंतूंवरचं औषधही प्रत्येक जुलाबाला लागत नाही, शीत रक्त असेल तेव्हा लागू शकतं आणि ते तपासणाराच ठरवणार. दुसरा प्रश्न अंगावर पिणाऱ्या बाळाचा असतो, की ते दिवसातून चार-पाच वेळा मऊ शी करतं, मग रोजच जुलाब का? नाही, त्याची नेहमीची तशी असेल तर ते जुलाब नव्हेत, नेहमीपेक्षा एकदम पातळ आणि जास्त वेळा व्हायला लागली तर जुलाब.

शेवटची दहा मिनिटं कुठल्याही परिस्थितीत खाऊ द्यायची नाहीत, आधीचा एखादा भाग कापावा लागला तरी चालेल. 'समजलं का?' असं विचारू नका, त्याला 'हो' शिवाय उत्तर नसतं. असं विचारा, 'आज तुमची शेजारीण आली नाहीये, तिच्या पोराला आत्ता जुलाब सुरू झालेत, तिला काय सांगाल?' आणि हे सारखं बोलणाऱ्या दोघी-तिघींना नाही, कोपऱ्यात बसलेलीला विचारा. तिला आठवलं नाही तर तिच्या शेजारणीने जोडायचं. मी कागदाच्या खाली चार गोष्टी लिहून ठेवते आणि बायकांच्या तोंडून आपणहून आली त्यावर खूण करते: खुणेपर्यंत पाणी आणि अख्खी पुडी, शी चालू राहिली तरी पाजणं, गोळ्यांचे पूर्ण दिवस, कधी निघायचं. तुम्हाला दिसेल की पहिली आणि चौथी पटकन येतात आणि दुसरी सगळ्यात जास्त वेळा सुटते. सुटली तर बाटली परत भरा, आणि या वेळी ती बाईच बाकीच्यांना समजावून सांगेल असं करा. एखादी गोष्ट गटागटातून सुटत असेल तर बायकांचं लक्ष नव्हतं असं धरू नका, आपल्या कागदातलं तिथलं वाक्य बदला.

तुम्ही एकट्याच सगळे गट घेणार नसाल, स्वयंसेविका घेणार असतील, तर हाच कागद त्यांच्या हाती द्यायच्या आधी एका गटात त्यांच्यासमोर करून दाखवा आणि मग दुसऱ्या गटात त्यांना करू द्या, तुम्ही मागे बसा. नुसता कागद दिला तर त्या परत स्लाइड्सकडे वळतात, कारण ट्रेनिंगमध्ये त्यांनी तसंच ऐकलेलं असतं आणि आकडे, मोठे शब्द बोललं की आपल्याला येतं असं वाटतं.

तपासणीबद्दल एक सांगण्यासारखं उदाहरण आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघरी जाऊन आयांना मीठ आणि गुळाचं पाणी बनवायला शिकवलं, सव्वा कोटीच्या आसपास घरांत. सगळा विषय त्यांनी लक्षात ठेवायच्या मोजक्या मुद्द्यांत बसवला होता आणि पाणी प्रत्येक आईकडूनच करून घेतलं जायचं. मला त्यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो असा की शिकवणाऱ्या बाईचा मोबदला तिने किती घरं केली यावर नव्हता, नंतर दुसरंच कुणीतरी काही घरांत जाऊन बघायचं की आईला किती आठवतंय आणि ती कसं बनवते, त्यावर मोबदला ठरायचा. त्यामुळे घाईने उरकण्यात कुणाचाच फायदा उरला नाही.

तुमच्याकडे मोबदल्याचा प्रश्न नसला तरी तपासणीचं तेवढं जरूर करा. साधारण महिन्याभराने गटातल्या चार-पाच जणींच्या घरी जा, स्वतः सेशन घेतलं असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवा. पाकीट सोबत न्या आणि म्हणा, करून दाखवा. काही विचारू नका, फक्त बघा की ती कुठलं भांडं उचलते, पाणी कुठवर घेते आणि पुडी पूर्ण ओतते का. एक लिटरच्या बाटलीने तिचं पाणी परत मोजा, थोडंफार इकडेतिकडे चालतं, पण पाऊण लिटरच्याही खाली असेल तर खूण पुसली गेलीय किंवा भांडं बदललंय, तिथेच नवीन खूण करून द्या. आणि मध्ये कुणाच्या पोराला जुलाब होऊन गेले असतील तर ते सगळं नीट ऐकून घ्या, कितव्या दिवशी पाजणं थांबवलं आणि का. ते कारण पुढच्या गटाच्या कागदावर सगळ्यात वर लिहायचं, पहिल्या प्रश्नाच्या लगेच खाली.